न्यू जर्सीत घरातला अँटेना: २, ४, ५ लागतात, मग ७, ११, १३ का लागत नाहीत?

एडिसन किंवा इझलिनच्या अपार्टमेंटमध्ये कागदासारखा सपाट अँटेना आणून खिडकीला चिकटवला, वायर टीव्हीत घातली आणि स्कॅन केला, की बहुतेक घरांत चित्र साधारण सारखंच दिसतं. २, ४, ५, ९ स्वच्छ लागतात. ७ वर एबीसी नाही, ११ नाही, आणि मुलांसाठी ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो पीबीएसचा १३ नाही. मग "अँटेना कमी ताकदीचा आहे" असं समजून लोक ॲम्प्लिफायर लावलेला, दुप्पट किमतीचा सपाट अँटेना आणतात. तोही खिडकीला लागतो आणि ७ तरीही येत नाही.

यात ताकदीचा प्रश्न फारसा नाही. प्रश्न लांबीचा आहे, आणि तो समजला की पुढची जोडणी आणि स्कॅन दोन्ही सोपे होतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. अँटेनावर फुकट मिळतात ती अमेरिकेतली स्थानिक स्टेशनं: बातम्या, पीबीएस, एनएफएलचे बरेचसे सामने, जुन्या मालिकांची उपचॅनेलं. मराठी वाहिन्या किंवा भारताचे क्रिकेट सामने यावर येत नाहीत. त्यासाठी अँटेना घेत असाल तर घेऊ नका.

पडद्यावरचा आकडा आणि हवेतला आकडा

टीव्हीवर जो २.१ किंवा ७.१ दिसतो तो स्टेशनच्या नावाचा भाग आहे. प्रेक्षकांना वर्षानुवर्षं माहीत असलेला आकडा म्हणून तो जपून ठेवला आहे. स्टेशन हवेत प्रत्यक्ष ज्या पट्ट्यावर प्रसारण करतं त्याचा क्रमांक वेगळा असू शकतो. १२ जून २००९ला मोठ्या स्टेशनांचं जुनं ॲनालॉग प्रसारण बंद झालं, आणि २०१७ ते २०२० या काळात बरीच स्टेशनं पुन्हा एकदा हलवली गेली, कारण ३७च्या वरचे पट्टे मोबाइल कंपन्यांना विकले गेले. आता सगळं टीव्ही प्रसारण हवेतल्या २ ते ३६ या क्रमांकांत बसवलेलं आहे.

न्यूयॉर्कच्या बाबतीत ते असं दिसतं. पडद्यावरचा २ हवेत ३६ वर आहे. ४ आहे ३५ वर, ५ आहे २७ वर, ९ आहे २५ वर. पण ७ खरोखरच ७ वर आहे, ११ खरोखरच ११ वर, आणि १३ हवेत १२ वर आहे.

१४ ते ३६ हे क्रमांक यूएचएफ पट्ट्यातले, म्हणजे ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झ. ७ ते १३ हे व्हीएचएफच्या वरच्या भागातले, १७४ ते २१६ मेगाहर्ट्झ. कंपनसंख्या जितकी कमी तितकी लहर लांब. हवेतल्या ३६ ची लहर साधारण अर्धा मीटर लांब असते, तर ७ ची जवळजवळ पावणेदोन मीटर. अँटेना लहरीच्या निम्म्या लांबीच्या आसपास असला की तो ती चांगली पकडतो. म्हणजे ३६ साठी सुमारे २५ सेंटिमीटर पुरतात आणि ७ साठी ८० ते ८५ सेंटिमीटर लागतात.

आता तो सपाट अँटेना टेपने मोजून बघा. बाजारात मिळणारे बरेचसे एक फूट बाय एक फूट असतात, म्हणजे ३० सेंटिमीटर. यूएचएफला ते माप अगदी बरोबर बसतं, व्हीएचएफला निम्मंही पुरत नाही. खोक्यावर "व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही" लिहिलेलं असतं, "साठ मैल" लिहिलेलं असतं, पण लांबी छापील शब्दांनी वाढत नाही. टॉवरला लागून राहणाऱ्यांकडे सिग्नल इतका भरपूर असतो की आखूड अँटेनाही ७ ओढून आणतो. पंचवीस मैलांवर ती चैन नाही.

यावर उपाय स्वस्त आणि जुना आहे. दोन लांबवता येणाऱ्या दांड्या आणि मध्ये एक गोल कडी किंवा छोटी पट्टी असलेला टेबलावरचा अँटेना, ज्याला इथे रॅबिट इअर्स म्हणतात. दांड्या व्हीएचएफसाठी, कडी यूएचएफसाठी. एडिसनच्या अंतरावर राहणाऱ्याने पहिला अँटेना हाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. तो शोकेसवर देखणा दिसत नाही हे मान्य.

टॉवर कुठे आहेत

न्यूयॉर्कची मोठी स्टेशनं मुख्यतः मॅनहॅटनमधल्या दोन इमारतींवरून प्रसारण करतात: वन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग. एडिसनहून दोन्ही जवळजवळ एकाच रेषेत येतात, २५ ते २७ मैलांवर, ईशान्येला, थोडं पूर्वेकडे झुकून. खऱ्या उत्तरेपासून मोजलं तर ५५ ते ५७ अंश. फोनमधलं होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवत असेल तर या भागात साधारण १२ अंशांचा फरक पडतो, म्हणून त्यात ७० च्या जवळचा आकडा बघावा.

आपल्या घराचा हिशेब काढायला fcc.gov/media/engineering/dtvmaps इथे पत्ता घाला. स्टेशनांची यादी येते, हिरव्यापासून लालपर्यंत रंग असतात, आणि स्टेशनवर टिचकी मारली की हवेतला क्रमांक आणि दिशा दिसते. दोन गोष्टी लक्षात ठेवून ती यादी वाचायची. पहिली म्हणजे हे गणित जमिनीपासून तीस फूट उंच लावलेल्या बाहेरच्या अँटेनाचं आहे. घरात भिंती आल्या, उंची गेली, म्हणून हिरव्याला पिवळा समजा आणि पिवळ्याला नशीब. दुसरी म्हणजे यादीत फिलाडेल्फियाचीही स्टेशनं दिसतील. ती पन्नासेक मैलांवर आणि नेमक्या उलट दिशेला आहेत. घरातल्या अँटेनावर दोन्ही शहरं धरायच्या नादात दोन्ही हातची जातात. एक शहर निवडा.

जोडणी

टीव्हीच्या मागे ANT IN किंवा ANT/CABLE लिहिलेलं, बाहेरून आटे असलेलं गोल टोक असतं. तिथे आरजी-६ जातीची जाड गोल केबल फिरवून लावायची. हे टोकच नसेल तर त्या पडद्यात ट्यूनर नाही. कॉम्प्युटरचे मॉनिटर आणि काही स्वस्त पडदे असे असतात, त्यांना वेगळा ट्यूनर बॉक्स लागतो.

केबलच्या टोकाला मधोमध तांब्याची बारीक पिन असते. लावण्याआधी तिच्याकडे नीट बघा. ती सरळ असावी आणि कडेच्या बाहेर तीनेक मिलिमीटर आलेली असावी. घाईत तिरकी घातली की ती वाकून कडेला टेकते आणि मग एकही चॅनेल सापडत नाही, किंवा जवळचं एखादंच सापडतं. नखाने सरळ करता येते. रिंग बोटांनी घट्ट होईल तितकीच फिरवा. पक्कड लावली तर टीव्हीच्या आतलं टोकच फिरतं.

केबल दहा-बारा फुटांची घ्या. सपाट अँटेनासोबत बारीक, तीन-चार फुटांची केबल पक्की जोडून येते, आणि तिच्यामुळेच अँटेना टीव्हीच्या पाठीमागे अडकून पडतो. तीच सगळ्यात वाईट जागा. टीव्हीचा स्वतःचा पत्रा आणि वीजपुरवठा तिथेच असतो, आणि स्वस्त एचडीएमआय केबल नको त्या लहरींचा जो कचरा हवेत सोडते तो नेमका व्हीएचएफमध्ये जास्त त्रास देतो.

ॲम्प्लिफायर आधी लावूच नका. तो केबलमध्ये मिळालेला सिग्नल मोठा करतो, आणि त्याच्याबरोबर कचराही तितकाच मोठा करतो. अँटेनाने जे पकडलंच नाही ते त्याला मोठं करता येत नाही. लांब केबल किंवा दोन टीव्हींना वाटणी असेल तर त्याचा उपयोग आहे, कारण दुहेरी स्प्लिटरमधून प्रत्येक टीव्हीला जेमतेम निम्मा सिग्नल पोचतो. ॲम्प्लिफायर केबलमध्येच बसवलेला असेल आणि त्याची यूएसबी वायर टीव्हीत लावली असेल तर एक गंमत होते. टीव्ही बंद झाला की काही टीव्हींचा तो पोर्टही बंद होतो, आणि वीज नसलेला ॲम्प्लिफायर सिग्नल मोठा तर करत नाहीच, उलट त्याच अँटेनावरच्या दुसऱ्या टीव्हीला जाणारा सिग्नलही वाटेतच अडवतो. तो लावायचाच असेल तर भिंतीतल्या प्लगवर लावा. जर्सी सिटी किंवा होबोकनमध्ये, मॅनहॅटन खिडकीतून दिसत असेल तर तो मुळीच नको. तिथे सिग्नल आधीच इतका जोरात असतो की ट्यूनर भांबावतो: मीटर पूर्ण भरलेला दिसतो आणि चित्र मात्र तुटतं.

दांड्यांची लांबी आणि दिशा

प्रत्येक दांडी सुमारे १६ इंच, म्हणजे ४० सेंटिमीटर, उघडा. हे माप ७ साठी आहे. ११ आणि १३ साठी १४ इंच जास्त योग्य, पण फरक थोडा आहे आणि ७ साठी केलेल्या मापावर तीही बहुधा येतात. दांड्या शेवटपर्यंत ओढल्या की जास्त सिग्नल मिळतो हा समज चुकीचा आहे. काहींच्या दांड्या तीन फुटांपर्यंत लांब होतात. ते माप हवेतल्या २ ते ६ साठीचं, आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टेशनांपैकी तिथे कोणी नाही.

दांड्या इंग्रजी व्ही सारख्या वर उभ्या करायची सवय मोडा. जवळजवळ आडव्या, एका सरळ रेषेत पसरा. टीव्हीच्या लहरी मुख्यतः आडव्या पाठवल्या जातात. आणि आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: दांड्यांची टोकं टॉवरकडे करायची नाहीत. आडवी काठी टोकांच्या दिशेने जवळजवळ काहीच ऐकत नाही, तिच्या पोटाच्या बाजूने ऐकते. टॉवर ईशान्येला असेल तर दांड्या वायव्य ते आग्नेय अशा पसरल्या पाहिजेत. मॅनहॅटनकडे तोंड करून उभे राहा आणि दोन्ही हात बाजूला पसरा. हात ज्या रेषेत आहेत त्या रेषेत दांड्या.

यूएचएफची गोल कडी वेगळी फिरत असेल तर तिचं सपाट तोंड थेट टॉवरकडे करा.

स्कॅन म्हणजे टीव्ही नेमकं काय करतो

स्कॅन सुरू केला की ट्यूनर हवेतल्या २ पासून एकेक पट्टा उघडतो आणि थोडा वेळ थांबतो. तिथे त्याला उलगडता येईल असा डिजिटल सिग्नल सापडला तर त्यात लिहिलेलं नाव आणि पडद्यावरचा आकडा वाचून यादीत टाकतो. उलगडला नाही तर पुढे जातो. नंतर तो सिग्नल कितीही चांगला झाला तरी यादीत नसलेलं चॅनेल आपोआप येत नाही. म्हणून अँटेना टीव्हीमागे लोंबकळत असताना स्कॅन करायचा आणि मग खिडकीत नेऊन चॅनेलांची वाट बघायची, हा क्रमच उलटा आहे. आधी जागा, मग स्कॅन.

दूरदर्शनच्या काळात एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि खालून दुसरा ओरडायचा, "आलं, आलं, थोडं अजून!" त्या वेळी पडद्यावरच्या मुंग्या कमी-जास्त होताना दिसायच्या, त्यामुळे आपण बरोबर दिशेला चाललोय हे कळायचं. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. सिग्नल एका मर्यादेच्या वर असेल तर चित्र स्वच्छ, जरा खाली गेला की चौकोन तुटतात, आवाज अडकतो, आणि त्याखाली काळा पडदा. चित्र बघून अंदाज येत नाही, म्हणून टीव्हीतला सिग्नल मीटर बघायचा. तो बहुधा Signal Information अशा नावाने सेटिंगमध्ये लपलेला असतो. त्यात दोन आकडे असतील तर जोर दाखवणारा सोडून द्या आणि दर्जा किंवा SNR लिहिलेला बघा. हल्लीच्या नेहमीच्या एटीएससी १.० प्रसारणाला SNR १५ डेसिबलच्या थोडा वर लागतो. १६ वर चित्र दिसेल, पण कोणी खोलीतून चालत गेलं तरी तुटेल. २० च्या वर असेल तर निश्चिंत.

स्कॅनच्या मेनूत एकच प्रश्न जपून वाचायचा. Antenna की Cable? काही टीव्हींवर Air की Cable? इथे Antenna किंवा Air. केबलवर सिग्नल पाठवायची पद्धतच निराळी असते, तो पर्याय निवडला तर स्कॅन पूर्ण होतो आणि खाली "० चॅनेल" येतं, आणि माणूस अँटेनाला दोष देतो. रोकूच्या टीव्हीवर ३ आणि ४ ही चॅनेलं घालायची का असं विचारलं जातं. ते जुने बॉक्स जोडणाऱ्यांसाठी आहे, नको म्हणा.

एक घर, पायरी पायरीने

समजा एडिसनमधलं दुसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट आहे. टीव्ही दिवाणखान्याच्या नैऋत्य भिंतीवर, खिडकी ईशान्येला. सपाट अँटेना टीव्हीमागे होता, आणि स्कॅनमध्ये २, ४, ५, ९ आले.

रॅबिट इअर्स आणून बारा फुटांच्या केबलने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दांड्या १६-१६ इंच, आडव्या, खिडकीला समांतर, कारण खिडकीचं तोंडच ईशान्येला आहे. पहिला स्कॅन. आता ११ आणि १३ आले, ७ अजून नाही.

इथे पुन्हा पुन्हा पूर्ण स्कॅन करत बसू नका. प्रत्येक स्कॅनला काही मिनिटं जातात, आणि अनेक टीव्ही आधीची यादी पुसून नवी लिहितात. त्याऐवजी ११ लावा, मीटर उघडा आणि अँटेना एक फूट डावीकडे, एक फूट उजवीकडे, मग खिडकीच्या वरच्या चौकटीला धरून बघा. घरात लहरी भिंतींवर, फ्रिजवर, पायपांवर आपटून परततात आणि एका ठिकाणी एकमेकींना मारतात तर फूटभर पुढे जोर देतात. म्हणून फूटभर सरकवण्याने जो फरक पडतो तो महागड्या अँटेनाने पडत नाही. प्रत्येक जागी हात काढून, दोन पावलं मागे होऊन दहा सेकंद थांबा. आपला देहही अँटेनाचाच भाग होतो. धरून ठेवलं की येतं आणि सोडलं की जातं, त्याचं कारण हेच.

समजा ११ चा SNR सगळ्यात वर गेला तो खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. अँटेना तिथे टेकवला. आता त्या खोलीतले एलईडी दिवे आणि खिडकीजवळचे चार्जर एकेक करून बंद करा आणि आकडा बघा. स्वस्त एलईडी दिव्याच्या आतला छोटा वीजपुरवठा व्हीएचएफमध्ये गोंगाट करतो. संध्याकाळी दिवा लावला की ७ तुटतो आणि सकाळी नीट दिसतो, असं होत असेल तर हवामानाला दोष देण्याआधी तो दिवा बदलून बघा.

जागा पक्की झाली की दुसरा स्कॅन. ७ आला तर काम झालं. नाही आला, तर काही टीव्हींवर एकच पट्टा हाताने शोधता येतो. तिथे हवेतला क्रमांक घालायचा असतो. ७ साठी ७, पण १३ हवा असेल तर १२. इथे १३ घातला तर तो सापडणार नाही.

हे सगळं करूनही ७ अडला तर बहुधा खिडकीची काचच आड येते. ऊब राखणाऱ्या नव्या काचांवर न दिसणारा धातूचा थर असतो, आणि भिंतीच्या आत चमकदार फॉइल लावलेलं इन्सुलेशन असेल तर तीही पत्र्यासारखीच वागते. काच तशी असेल आणि शेजारच्या लाकडी भिंतीत फॉइल नसेल, तर ती भिंत खिडकीपेक्षा जास्त सिग्नल देते. खिडकीच चांगली असं गृहीत धरू नका. मीटर सांगेल ते खरं.

यादी बिघडली तर

एखादं चॅनेल कालपर्यंत दिसत होतं आणि आज नावासकट हजर आहे पण पडदा काळा, असं झालं तर कधी कधी स्टेशन हवेत दुसऱ्या क्रमांकावर गेलेलं असतं आणि टीव्ही जुनीच नोंद धरून बसलेला असतो. नुसता परत स्कॅन केला की काही टीव्ही नवी नोंद जुन्याच्या शेजारी ठेवतात आणि गोंधळ वाढतो. अशा वेळी केबल टीव्हीतून काढा आणि रिकाम्या टोकावर एक पूर्ण स्कॅन होऊ द्या. शून्य चॅनेल येतील, तेच हवं आहे, जुन्या नोंदी गेल्या. मग टीव्हीचा प्लग मिनिटभर काढून ठेवा, केबल लावा आणि नव्याने स्कॅन करा.

पण एक चॅनेल नसून सगळीच अधूनमधून तुटत असतील तर स्कॅनला हात लावू नका. यादी बरोबर आहे, सिग्नल कमी पडतोय. तेव्हा स्कॅन केला तर त्या क्षणी जी कमकुवत आहेत ती यादीतून गळतील, आणि रात्री सिग्नल सुधारला तरी दिसणार नाहीत. आधी तांब्याची पिन बघा, मग ॲम्प्लिफायरची वीज, मग कोणी साफसफाई करताना दांड्या हलवल्या का ते. जागा सापडल्यावर खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलने दांड्यांच्या टोकांच्या खुणा करून ठेवल्या असतील तर हे शेवटचं काम अर्ध्या मिनिटात होतं.